दोन ग्राफ एकदम चढले: एकाने दुसऱ्याला ओढलं, की दोघांना तिसऱ्याने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या लहानशा ऑफिसातून दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर चालतं. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी असा पसारा आहे. शेतकरी कॅन घेऊन येतो, वजन होतं, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, पावती निघते आणि त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो. सकाळी साडेसहा ते साडेसात हा आमचा ऐन गर्दीचा तास. ऑन-कॉलवर नवीन येणारी मुलं त्याच त्या शंका विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. सगळी एकाच सकाळभोवती फिरतात, कारण त्या एका सकाळी आम्ही चुकायच्या बहुतेक सगळ्या जागी चुकलो.

त्या सकाळी नेमकं काय झालं होतं?

पावणेसातला पहिला फोन आला. खानापूर भागातल्या एका केंद्राचे सेक्रेटरी होते: "सायब, पावती निघंना झालीय, लोकं कॅन घिऊन उभी हाईत." डॅशबोर्ड उघडला तर दोन रेषा भिंतीसारख्या उभ्या चढलेल्या. एक पावतीला लागणाऱ्या वेळेची. पी९९, म्हणजे शंभरातल्या सगळ्यात रखडलेल्या एका पावतीचा वेळ, एरवी दोनशे मिलीसेकंदांच्या आत असतो. तो २५ सेकंदांच्या पुढे गेला होता. दुसरी रेषा `hikaricp_connections_active` ची, म्हणजे डेटाबेसची किती कनेक्शन वापरात आहेत त्याची. दोन सर्व्हर, प्रत्येकाच्या पूलमध्ये, म्हणजे आळीपाळीने वापरायला उघडून ठेवलेल्या साठ्यात, १० कनेक्शन. दोन्हीकडे दहापैकी दहा.

ऑफिसात तीन मतं पडली. एक म्हणाला पूल लहान आहे, तो भरला म्हणून पावत्या रखडल्या. दुसरा म्हणाला डेटाबेसच मंद झालाय, म्हणून दोन्ही चढले. तिसऱ्याचं म्हणणं, क्लाउडचं नेटवर्क खराब आहे. तिघंही त्याच दोन रेषांकडे बोट दाखवत होते. खरं कारण या तिन्हींत नव्हतं. ते पुढे येईल.

दोन रेषा इतक्या तंतोतंत जोडीने चढल्या, म्हणजे एकीचा दुसरीवर परिणाम असणारच ना?

नातं असतं, पण कोणतं ते रेषा सांगत नाही. पावसाळ्यात रकसकोप आणि हिडकल या दोन्ही धरणांचं पाणी जोडीने चढतं. रकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर, आणि मार्कंडेय घटप्रभेला मिळते ती हिडकलच्या खाली, गोकाककडे. म्हणजे रकसकोपचं पाणी हिडकलला भरतच नाही. पाऊस दोघांना भरतो. रकसकोपचे दरवाजे उघडले आणि खाली मार्कंडेयेच्या काठची शेतं पाण्याखाली गेली, तर ते नातं मात्र ओढणारं. कागदावर दोन्ही आलेख सारखेच दिसतील.

आमच्याकडचा पाऊस म्हणजे सकाळची गर्दी. साडेसहाला प्रत्येक ग्राफ चढतो: सीपीयू, कनेक्शन, मेसेज, डिस्क, सगळंच. त्यामुळे कोणत्याही दोन रेषा जोडीने चढलेल्या दिसल्या की आधी कालची हीच वेळ शेजारी लावायची, आणि शक्य तिथे आकड्याला पावत्यांच्या संख्येने भागायचं. भागल्यावर जे उरतं तेच बघण्यासारखं. त्या दिवशी पावत्या कालइतक्याच येत होत्या, त्यामुळे गर्दी हे कारण पहिल्या दोन मिनिटांत बाद झालं.

कारणाचा संशय आहे, पण ते "पुरेसं" आहे का, हे हिशोबाने कसं बघायचं?

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मला ती सगळ्यात आवडते, कारण तिला कागद-पेन्सिल पुरते.

रांगांचा एक साधा नियम आहे, लिटलचा नियम म्हणतात त्याला. एका वेळी गुंतलेली कनेक्शन म्हणजे सेकंदाला येणारी कामं गुणिले प्रत्येक कामाने कनेक्शन सरासरी किती सेकंद धरून ठेवलं. आमची ६०० केंद्रं, प्रत्येकी मिनिटाला तीन मापं, म्हणजे सेकंदाला ३०. दोन सर्व्हरवर वाटली की प्रत्येकी १५. एरवी पावतीचं डेटाबेसचं काम २० मिलीसेकंद आणि मेसेजचं १००. इथेच आमची जुनी चूक होती: मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या गेटवेला कॉल आम्ही ट्रान्झॅक्शनच्या आतूनच करत होतो. म्हणजे मेसेज जाईपर्यंत कनेक्शन हातात धरलेलं. तरी १५ गुणिले ०.१२, म्हणजे १.८. दहाच्या पूलमध्ये दोनसुद्धा गुंतत नव्हती, म्हणून वर्षभर कुणाला पत्ता नव्हता.

आता उलटा प्रश्न विचारा. दहाच्या दहा भरायला कनेक्शन किती वेळ धरलं जायला हवं? १० भागिले १५, साधारण ०.६७ सेकंद. म्हणजे कुठेतरी १२० मिलीसेकंदांचं काम सरासरीने पाचपटीहून जास्त लांबलेलं असलं पाहिजे. तुमच्या संशयिताने तेवढं लांबवलं असेल तर तो संशयित. त्याने ३० मिलीसेकंद वाढवले असतील तर त्याची रेषा कितीही जोडीने चढलेली असो, तो दोषी नाही.

मेसेजच्या वेळेचा ग्राफ तर सपाट होता. मग मेसेजवर संशय कसा घेतला?

डॅशबोर्डवर आम्ही मेसेजच्या वेळेचा मध्यक लावला होता, म्हणजे सगळे वेळ ओळीने मांडले तर मधोमध येणारा. तो ठाम १०० मिलीसेकंदांवर बसलेला. त्यावरून पहिल्या दहा मिनिटांत मेसेजला निर्दोष ठरवून आम्ही मोकळे झालो.

लॉग उघडल्यावर चित्र दिसलं. शंभरातले ९२ कॉल नेहमीसारखे १०० मिलीसेकंदांत परत येत होते. उरलेले ८ लटकत होते आणि आमच्या १० सेकंदांच्या टाइमआउटला तुटत होते. मध्यकाला या आठांचं काही पडलेलं नसतं. सरासरी मात्र ९२ गुणिले ०.१ अधिक ८ गुणिले १०, भागिले १००, म्हणजे जवळजवळ ०.९ सेकंद. डेटाबेसचे २० मिलीसेकंद धरून ०.९१. त्याला १५ ने गुणलं की १३.७ कनेक्शन लागतात, आणि आहेत १०. हिशोब जुळला. नुसते लटकलेले कॉलच धरले तरी १५ गुणिले ०.०८ गुणिले १०, म्हणजे १२. पूल भरायला तेवढेच पुरे होते.

म्हणून आता आमच्याकडे कुठल्याही बाहेरच्या कॉलसाठी मध्यक, सरासरी आणि पी९९ तिन्ही लावलेले असतात. रांगेला सरासरी कळते, मध्यक कळत नाही.

जी रेषा आधी चढली ती कारण, नंतर चढली तो परिणाम. इतकं सोपं का नाही?

त्या दिवशी मेसेजच्या सरासरीची रेषा मागाहून काढली, तर ग्राफवर पूल आधी भरलेला आणि ती नंतर चढलेली दिसली. त्यावरून एकाने फळ्यावर बाणसुद्धा काढला होता: पूल भरला, म्हणून मेसेज अडकले. बाण बरोबर उलटा होता.

कसं ते बघा. एखाद्या कॉलला किती वेळ लागला ही नोंद तो कॉल संपल्यावर होते. लटकलेला कॉल दहा सेकंदांनी तुटतो, तेव्हा कुठे तो मेसेजच्या आकड्यात उमटतो. कनेक्शन किती गुंतली हा आकडा मात्र त्या क्षणाचा असतो. सेकंदाला १.२ कॉल लटकत होते, म्हणजे दहा कनेक्शन साधारण ८ सेकंदांत संपली. आठव्या सेकंदाला पूल भरला, आणि पहिल्या लटकलेल्या कॉलची नोंद झाली दहाव्या सेकंदाला. परिणाम कारणाच्या आधी नोंदला गेला.

त्यावर आणखी धूसरपणा चढतो. आमचं प्रोमिथियस दर १५ सेकंदांनी आकडे गोळा करतं, आणि प्रत्येक सर्व्हरकडे त्या पंधरांतल्या वेगळ्या सेकंदाला जातं. दोन रेषांमधलं १५ सेकंदांच्या आतलं पुढेमागे वाचूच नये. सरासरी काढताना `[5m]` ची खिडकी लावली की चढण पाच मिनिटांत पसरते, आणि शेजारची खिडकी न लावलेली रेषा आपोआप "आधी" चढलेली दिसते.

वेळेचा क्रम बघायचाच असेल तर ग्राफ सोडून लॉगमध्ये जायचं, आणि काम *संपल्याची* वेळ सोडून *सुरू झाल्याची* वेळ घ्यायची. आम्ही नोंदीतल्या संपल्याच्या वेळेतून लागलेला वेळ वजा केला, तेव्हा पहिला लटकलेला कॉल पूल भरण्याच्या आठ सेकंद आधी सुरू झालेला सापडला.

डेटाबेसच मंद नव्हता कशावरून?

हे कळायला एक क्वेरी पुरली:

```sql
select state, wait_event, count(*)
from pg_stat_activity
where datname = 'dudh'
group by state, wait_event;
```

वीसपैकी एकोणीस ओळींवर `idle in transaction` आणि `ClientRead`. याचा अर्थ, ट्रान्झॅक्शन उघडं आहे आणि डेटाबेस हातावर हात ठेवून आमच्या प्रोग्रामच्या पुढच्या हुकमाची वाट बघतोय. डेटाबेस खरंच मंद असता तर त्या ओळी `active` दिसल्या असत्या. शिवाय डेटाबेसचा सीपीयू त्या काळात खाली आला होता. पावतीचा वेळ चढतोय आणि डेटाबेसचं काम कमी होतंय, ही जोडी "डेटाबेस मंद" या गोष्टीत बसत नाही. आम्ही खाली आलेल्या रेषेकडे बघितलंच नव्हतं. इन्सिडेंटमध्ये सगळ्यांचे डोळे चढलेल्या रेषांवर असतात.

ज्या केंद्रांत मेसेज बंद आहेत तीही अडकली होती. मग मेसेज कारण कसं?

हा प्रश्न चांगला आहे, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला. काही केंद्रं फक्त कागदी पावती देतात, त्यांचा मेसेज जातच नाही. तीही तितकीच रखडली होती. "मेसेज नाही तरी मंद, म्हणजे मेसेजचा संबंध नाही," हे ऐकायला बिनतोड वाटतं.

पण ती केंद्रं त्याच सर्व्हरवर, त्याच पूलमधून कनेक्शन घेतात. एका काउंटरवर दहा खिडक्या आहेत आणि दहाही अडलेल्या लोकांनी धरल्यात, तर ज्याचं काम अर्ध्या मिनिटाचं आहे तोही मागे उभाच राहणार. मेसेजचा परिणाम पूलमधून त्यांच्यापर्यंत पोचत होता. तुलनेला घेतलेला गट कारणापासून खरोखर वेगळा आहे का, की मधल्या एखाद्या सामायिक वस्तूने जोडलेला आहे, हे आधी तपासायचं.

खरी वेगळी तुलना आम्हाला चंदगडने दिली. तिकडची केंद्रं वेगळ्या सर्व्हरवर आहेत, आणि तिथल्या आवृत्तीत मेसेज पावती झाल्यावर मागच्या रांगेतून जातो. गेटवे तोच. त्या सकाळी तिथलेही मेसेज लटकले, पावत्या मात्र नेहमीच्या वेगाने निघत होत्या. म्हणजे मेसेजचं लटकणं एकटं पावतीला मंद करत नाही. कनेक्शन हातात धरून लटकलं तरच करतं. वाट कुठून जाते तेही त्यातून कळलं.

पूल वाढवल्यावर बरं झालं होतं म्हणे. मग पूलच कारण नव्हतं का?

झालं होतं, पंधरा मिनिटं. सातला पाच कमी असताना आम्ही पूल १० वरून ३० केला आणि दोन्ही सर्व्हर रीस्टार्ट केले. पावत्या सुटल्या. ऑफिसात चहा आला.

यात दोन घोळ होते. पहिला, आम्ही एकदम दोन गोष्टी बदलल्या. रीस्टार्टने ताटकळलेली अख्खी रांग पुसली गेली, त्यामुळे आराम पूलमुळे पडला की पुसण्यामुळे, हे कळायचा मार्गच राहिला नाही. दुसरा घोळ जास्त बारीक आहे. पूल वाढवल्याचा फायदा खराच होता: लागत होती १३.७, आता होती ३०. पण म्हणून पूल लहान असणं हे त्या दिवसाचं कारण ठरत नाही. पूल काल तेवढाच होता, परवा तेवढाच होता. "आज काय बदललं" आणि "काय फिरवलं तर आराम पडेल" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की लोक पहिल्याचंही मिळालं असं धरतात.

सात-दहाला गेटवे आणखी बिघडला. आता शंभरातले २५ कॉल लटकायला लागले. सरासरी २.६ सेकंद, गुणिले १५, म्हणजे ३९ कनेक्शन. तीसचा पूल पुन्हा काठोकाठ, आणि फोन पुन्हा सुरू.

मग शेवटी खात्री कशाने पटली?

हात लावून. ग्राफ कितीही वाचला तरी शेवटी एकच गोष्ट बदलून, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून बघावं लागतं.

मेसेज चालू-बंद करायचा स्विच आमच्याकडे सर्व्हरवार होता, आणि तो फिरवायला रीस्टार्ट लागत नव्हता. सात-सोळाला फक्त पहिल्या सर्व्हरवर मेसेज बंद केले. दुसऱ्याला हात लावला नाही. करण्याआधी अण्णांनी, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने, फळ्यावर अपेक्षा लिहून घेतली: मेसेज ओढत असेल तर पहिल्याची गुंतलेली कनेक्शन १५ गुणिले ०.०२, म्हणजे एकाच्याही खाली येतील. आधी लटकलेले कॉल तुटायला दहा सेकंद लागतील, म्हणून दहा सेकंद काही दिसणार नाही, मग एकदम पडेल. दुसरा सर्व्हर तसाच तीसवर राहील. आणि दोघांनाही तिसरंच काही ओढत असेल, तर मेसेज बंद करूनही पहिल्याच्या पावत्या रखडलेल्याच राहतील.

पुढच्या दोन वाचनांत पहिला सर्व्हर ३० वरून शून्य-एकवर आला. दुसरा जागचा हलला नाही. मग सात-एकोणीसला दुसऱ्यावर तेच केलं, आणि तोही तसाच पडला. एकदा पडला असता तर योगायोग म्हणता आलं असतं, गेटवे त्याच वेळी आपोआप सुधारला असेल म्हणून. पण तीन मिनिटं दुसरा सर्व्हर तीसवर टिकून होता, आणि गेटवे दोघांचा एकच.

एक जागा सांभाळायची. आमचा लोड बॅलन्सर पाळीपाळीने कामं वाटतो, त्यामुळे दोन्हीकडे निम्मी-निम्मीच जात राहिली. तो `least_conn` वर, म्हणजे कमी कनेक्शन गुंतलेल्या सर्व्हरला आधी काम देण्यावर असता, तर मोकळ्या झालेल्या पहिल्या सर्व्हरने दुसऱ्याचीही कामं ओढून घेतली असती, दुसराही सुधारला असता, आणि आम्ही म्हणालो असतो, "बघा, हात न लावता दोन्ही सुधारले, म्हणजे मेसेजचा संबंध नाही."

पण नेटवर्कच खराब असेल आणि त्यानेच मेसेजही लटकले, पावत्याही रखडल्या, हे कसं खोडलं?

पहिला सर्व्हर त्याच नेटवर्कवर राहून बरा झाला, यावरून. नेटवर्क पावतीला थेट मंद करत असतं तर मेसेज बंद करून फरक पडला नसता.

एवढंच सिद्ध झालं, जास्त नाही. मेसेज *का* लटकले, गेटवेच्या आतल्या बिघाडाने की मधल्या रस्त्याने, हे या प्रयोगाने सांगितलं नाही. प्रयोग एका दुव्याचा असतो. त्याच्या मागचा दुवा वेगळा तपासावा लागतो, आणि त्या सकाळी आम्हाला त्याची गरज नव्हती.

जाता जाता: खानापूरच्या जंगलपट्टीत मोबाइलची रेंज खराब असते, हे कारण कुणी ना कुणी दर वेळी काढतंच. आमचा पावतीचा वेळ सर्व्हरवर मोजला जातो, मागणी पोचल्यापासून उत्तर निघेपर्यंत. केंद्रातला टॉवर त्या आकड्यात येतच नाही.

मेमरी आणि थ्रेडसुद्धा चढले होते. त्यांचं काय?

ते दोघे भावंडं. थांबलेली प्रत्येक मागणी एक थ्रेड अडवते आणि थोडी मेमरी. रांग वाढली की दोन्ही हातात हात घालून वाढतात. थ्रेड मेमरीला ओढत नाही, मेमरी थ्रेडला नाही, रांग दोघांना ओढते. मेमरी वाढवायचा प्रस्ताव आला होता. वाढवली असती तर तेवढीच रांग जास्त ऐसपैस बसली असती.

पण थ्रेडची एक गंमत लक्षात ठेवा. आमचा प्रोग्राम ज्या टॉमकॅटवर चालतो त्यात मुळात २०० थ्रेड असतात. पूल दहाचा असताना सेकंदाला ११ पावत्या निघत होत्या आणि १५ येत होत्या, म्हणजे रांग सेकंदाला चाराने वाढत होती. पन्नासेक सेकंदांत थ्रेड संपले. तोपर्यंत आमचं `/health` पान, जे डेटाबेसला हातही लावत नाही, झटकन उघडत होतं. त्यानंतर तेही अडकलं. फोन आला तेव्हा आम्ही बघितलं तर सगळंच मंद, म्हणून "सर्व्हरच गेला" असं वाटलं. पहिल्या मिनिटाच्या नोंदी मागे जाऊन बघितल्या असत्या तर तिथेच कळलं असतं की डेटाबेसचं कनेक्शन लागणारी पानंच आधी रखडली. बिघाड पसरला की तुलनेच्या जागा एकेक करून बुडत जातात, म्हणून पहिलं मिनिट जपून वाचायचं.

दोघं एकमेकांना ओढत असले तर?

असतं तसं. केंद्रातलं मशीन २० सेकंदांत पावती आली नाही तर तेच माप पुन्हा पाठवतं. पावती उशिरा, म्हणून मागण्या जास्त, म्हणून पावती आणखी उशिरा. अशा वेळी "कारण कोणतं" याला एक उत्तर नसतं. सुरुवात एकाने केलेली असते, चालू दुसरा ठेवतो.

ओळखायची खूण ही: सुरुवातीचं कारण काढून टाकल्यावर बिघाड विरतो की तसाच फिरत राहतो? आमचा विरला. हिशोबही तेच सांगत होता. एरवीच्या ०.१२ सेकंदांना दहाचा पूल सेकंदाला ८३ पावत्या काढू शकतो, येतात १५. पुन्हा पाठवण्याने मागण्या पाचपटीपेक्षा जास्त झाल्या असत्या तरच चक्र आपल्या जिवावर चाललं असतं. मेसेज बंद करूनही रांग हटली नसती, तर मग मशिनांचं पुन्हा पाठवणं आधी थांबवावं लागलं असतं.

कन्नड मेसेज जास्त लटकतात, मराठी कमी, असं कुणीतरी म्हणालं होतं?

म्हणालं होतं, आणि सीमाभागात अशी वाक्यं जरा जपूनच बोलावीत. लटकलेल्यांत कन्नड मेसेज मोजून जास्त होते, हे खरं. पण मुळात पाठवलेच जास्त होते. शेकडा काढला तेव्हा दोन्हीकडे आठच्या आसपास. दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये जातात, एका मेसेजात सत्तर अक्षरांची मर्यादाही दोघांना सारखीच.

दोन रेषांचा सहसंबंध काढून बघू का? ०.९ च्या वर आला तर?

बिघाडाच्या तासात चढलेल्या कोणत्याही दोन रेषांचा येईल. मेमरी आणि थ्रेडचाही आला असता. तेवढ्या वेळात `pg_stat_activity` बघून होतं.

नंतर काय बदललं?

मेसेजचा टाइमआउट १० वरून २ सेकंदांवर आणला, त्याच दिवशी. त्या सकाळचा पहिला बिघाड पुन्हा मांडला, शंभरात ८ लटकलेले, तर आता सरासरी ०.२७ सेकंद, म्हणजे चार कनेक्शन. दहाच्या पूलमध्ये सहज बसतात. शंभरात २५ लटकले तर मात्र नऊच्या आसपास लागतात, म्हणजे हा उपाय काठावरचाच होता. म्हणून पुढच्या पंधरवड्यात चंदगडसारखी रचना इकडेही आणली: पावतीच्या ट्रान्झॅक्शनमध्ये मेसेजची फक्त एक ओळ टेबलात लिहायची, आणि पाठवायचं काम ट्रान्झॅक्शन संपल्यावर वेगळ्या प्रक्रियेने करायचं.

तोटा एक झाला. मेसेज आता कधीकधी पावतीनंतर मिनिटभराने येतो, आणि केंद्रांवर थोडी कुरकुर झाली. शेतकऱ्याला मेसेज वाजल्याशिवाय कॅन उचलायची सवय नव्हती.

दिवाळीच्या आधी गेटवे पुन्हा लटकला. मेसेजची रेषा तशीच भिंतीसारखी चढली. तिच्याखाली पावतीची रेषा दोनशे मिलीसेकंदांच्या आत सपाट चालत राहिली, आणि त्या सकाळी एकाही केंद्रातून फोन आला नाही.